मशीनचं ब्लेड आणि आप्पांचा हात

आधीच माफी मागतो. मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीसुद्धा इंजिनिअरिंगची पुस्तकं सोडून फारसं वाचलेलं नाही. त्यात विषय केस कापायच्या मशीनचा. असल्या गोष्टीवर कुणी लिहितं का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. तरी लिहितो, कारण त्या दिवसांत घरी जे चाललं होतं ते मला नीट समजून घ्यायचं आहे.

जुन्नरच्या बाजारपेठेत, एका गल्लीच्या तोंडाला वडिलांचं सलून आहे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. गाळा आमचाच आहे, लहानसा. मी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, तिथंच हॉस्टेलवर राहतो. परीक्षा संपवून थंडीत घरी आलो, तेव्हा आईनं भाकरी थापता थापताच सांगितलं, "आप्पा गाळा भाड्यानं द्यायचं म्हणत्यात. मोबाइलची कव्हरं विकतो ना, त्या पोराला. तो संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणालाय."

"का?"

"हात गेला म्हणत्यात आपला. गुरुजी अर्ध्यातून उठून गेले."

गुरुजी म्हणजे आप्पांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. मानेवर मशीन फिरताना केस ओढले गेले, ते काही न बोलता उठले आणि पुढच्या महिन्यात नव्या काचेच्या सलूनमध्ये दिसले. हे सगळं मला आईनंच सांगितलं. आप्पांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन बसलो. एक बागायतदार खुर्चीत होते. आप्पांनी मानेकडून मशीन वर नेलं आणि ते एकदम खांदे उडवून म्हणाले, "आप्पा, केस कापताय का गवत उपटताय राव?"

बाकावरचे दोघे हसले. आप्पाही हसले, पण त्यांनी मशीन खाली ठेवलं आणि उरलेलं डोकं कात्री-कंगव्यानं केलं. मी त्यांचा हात बघत होतो. कात्री एका लयीत चालली होती. एकही केस पुढं-मागं नाही. ते गृहस्थ तर डोळे मिटून बसले होते.

गिऱ्हाईक गेल्यावर मी चाचरत म्हणालो, "आप्पा, कात्रीनं तर कुठं ओढलं नाही."

"कात्रीला येळ लई लागतो. पोरांना आता बसलं की लगेच उठायचं असतं."

"मशीन उघडून बघू का?"

"बघ. तेल तर रोज घालतो मी."

मी प्लगची पिन काढली, स्क्रू सैल केले आणि ब्लेडच्या दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या. मोठी पट्टी जागेवर राहते, धाकटी तिच्यावरून इकडून तिकडं सरकते. दोन्हींच्या मधे पांढरट, मेणासारखा थर बसला होता आणि त्यात केसांचे बारीक तुकडे रुतलेले होते.

"कुठलं तेल घालता?"

आप्पांनी आरशासमोरची खोबरेल तेलाची बाटली दाखवली. ती थंडीनं पांढरीशुभ्र गोठली होती. ते रोज सकाळी ती उन्हात ठेवायचे, तेल पातळ झालं की ब्लेडवर सोडायचे, आणि रात्रीतून ते तेल आत पुन्हा गोठायचं. "आमच्या वस्तादानं हाताच्या मशीनला जन्मभर हेच घातलं," ते म्हणाले. ते हातानं दाबायचं मशीन. त्याला मोटर नव्हती.

आम्ही दोघं बसलो. मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं केस झाडले. आप्पांनी कापसावर स्पिरिट घेऊन एकेका दाताच्या फटीतून थर काढला, पट्ट्या कोरड्या पुसल्या. शेजारच्या टेलरकडून शिलाई मशीनचं तेल आणलं. पट्ट्या घासतात तिथं आणि दातांच्या दोन्ही टोकांना थेंब थेंब सोडलं, स्क्रू आवळून मशीन थोडं चालू ठेवलं आणि वर आलेलं तेल फडक्यानं टिपलं. आवाज लगेच बदलला. आधीची घरघर गेली. हात लावला तर ब्लेड तापतही नव्हतं.

आप्पांचा चेहरा उजळला. "बस खुर्चीत," ते म्हणाले.

मी बसलो. पहिला हात छान गेला. दुसराही. पण कानामागं आल्यावर केस खेचले गेले आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघालं.

मशीन बंद झालं. आरशात आप्पा माझ्याकडं नाही, आपल्या पंजाकडं बघत होते.

"बघ," ते म्हणाले. "मशीन चांगलं हाय. हातच गेला."

मी त्यांच्याकडून मशीन घेतलं आणि आपल्याच मनगटावरच्या केसांवरून सरळ फिरवलं. काही केस कापले गेले, बाकीचे नुसते आडवे पडून पुन्हा उभे राहिले. पुन्हा फिरवलं. तसंच.

"आता तर मशीन माझ्या हातात होतं, आप्पा."

त्यांनी माझ्या हातावरचे ते अर्धवट पट्टे निरखले. मग त्यांनी स्वतःच पुन्हा स्क्रू काढले, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबून धरल्या आणि दाराशी उजेडात गेले. "इकडं ये," त्यांनी हाक मारली. मागच्या बाजूला पट्ट्या चिकटून होत्या, पण टोकाशी, दातांपाशी, मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"मी पत्थरावर लावलं व्हतं याला," ते हळूच म्हणाले. "दिवाळीच्या आधी. बोथट वाटलं म्हणून. वस्तऱ्याला लावतात तसं, तिरकं धरून."

पुढचं आप्पांनीच सांगितलं. वस्तऱ्याची धार एकटी काम करते, म्हणून ती तिरकी चालते. इथं दोन पट्ट्या एकमेकींना घासत सरकल्या तरच केस कापला जातो. मधे फट पडली की केस त्यात शिरतो, वाकतो आणि ओढला जातो. "याला आता तेल पाजून उपेग न्हाई," ते म्हणाले. "बदलायलाच पायजे."

सलूनचं सामान विकणारे शेठ बाजारपेठेतच आहेत. त्यांचं कुटुंब पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, पण बोलणं आमच्यासारखंच. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं ब्लेड लावून पाहिलं. भोकं जुळेनात.

"जुनं मॉडेल हाय आप्पा. पुण्याहून मागवतो. नवीन मशीनच घ्या की."

"हाताला हेच बसलंय," आप्पा म्हणाले.

"कधी येईल?" मी विचारलं.

"येईल की," शेठ म्हणाले. "गाडीत सामान आलं की येईल."

मी कॉलेजला परतलो तेव्हा ब्लेड आलं नव्हतं. आईला फोन केला की ती म्हणायची, "नाय अजून. कात्रीवर चाललंय." ज्यांना घाई असे ते दारातूनच माघारी जायचे. संक्रांत जवळ येत होती. मी वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभा राहायचो आणि सरांनी पृष्ठभाग सपाट हवा म्हटलं की मला ती उजेडाची रेघ दिसायची. गाळा दिला तर आप्पा दिवसभर काय करतील, याचा विचार मला करवत नव्हता. त्यांना दुसरं काही येत नाही. त्यांना दुसरं काही करायचंही नाही.

एका दुपारी मेसच्या रांगेत असताना फोन वाजला. आप्पांचा. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून रांगेबाहेर आलो.

"ब्लेड आलं," ते म्हणाले. "बसवलं. धाकटी पट्टी दातांच्या जरा मागं ठेवली, न्हाईतर कातडीला लागती."

"ओढतं का?"

"छ्या!"

"गुरुजी आले का?"

"ते नव्या दुकानातच जात्यात. जाऊ दे, त्यांना तिथं बरं वाटतंय." मागं मशीनचा आवाज येत होता. मग तो थांबला. "मोबाइलवाला येऊन गेला सकाळी. त्याला म्हणलं, दुसरीकडं गाळा बघ बाबा. चल, ठेवतो. गिऱ्हाईक बसलंय."