अट्टिगेतलं पाऊण पवन

शेषम्माच्या अंगात अंबा येते, ही बातमी तंजावरच्या त्या गल्लीत अठरा वर्षं फिरत होती. अंबा म्हणजे तिची मेलेली धाकटी बहीण. सोनाराच्या पेढीवर शेषम्मा डोळे मिटून बसते, अंबा आत येऊन कानात आकडे सांगते आणि मग शेषम्मा तोंड उघडते, असं शपथेवर सांगणाऱ्या बायका होत्या. एकीने तर ओल्या केसांची अंबा पेढीच्या पायरीवर बसलेली पाहिली होती. या बाईला भर दुपारी स्वतःच्या नवऱ्याची टोपीही सापडायची नाही, ते सोडून द्या.

खरी गोष्ट निराळी होती. शेषम्मा डोळे मिटायची ते गुणाकारासाठी. वडील सरकारी कचेरीत कारकून. मुलगा नाही म्हणून त्यांनी थोरल्या मुलीला पावकी-निमकीपासून व्याजापर्यंत सगळं शिकवलं. सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, आणि पुन्हा त्याच घरात, तेच आकडे. गल्लीत कुणाकडे लग्न ठरलं की सोनं घ्यायला शेषम्माला न्यायचं, असा शिरस्ता पडला. मजुरीत दोन रुपये कमी झाले की लोक तिला कॉफी पाजत आणि ती घरी गेली की अंबाच्या गप्पा मारत.

पण अंबा तिच्याकडे येत नव्हती असं तरी कसं म्हणावं? यायची. आकडे सांगायला नाही. बांगड्या वाजवायला.

अंबाच्या लग्नात चार पवनांच्या (पवन म्हणजे तिकडचं सोन्याचं वजन, आठ ग्रॅम) बांगड्या घातल्या होत्या. वरून पिवळ्याजर्द, आतून पोकळ, आणि पोकळीत लाख भरलेली. पेढीवर वडिलांनी हिशेबाची चिठ्ठी पाहिली. शेषम्माने त्यांच्या खांद्यावरून पाहिली. लाखेचं वजन वजा केल्याची ओळच तिच्यात नव्हती. वडिलांनी मान वळवून विचारलं, "काय गे, बरोबर?" पुरुषांनी भरलेली पेढी, ती नुकतीच विधवा झालेली, डोक्यावरून पदर. तिने मान खाली घातली. वडिलांनी ती होकाराची धरली.

दोन वर्षांनी अंबाच्या सासूने बांगड्या मोडून पाटल्या करायला दिल्या. आटवल्यावर सोनं निघालं तीन पवन. तेव्हापासून त्या घरात अंबाच्या ताटात भात पडताना एक वाक्यही पडायचं. "तुझ्या बापाने एक पवन खाल्लं, तू काय खाणार?" अंबाचा नवरा बाळकृष्णराव सज्जन माणूस, आईपुढे तोंड उघडत नसे, एवढाच त्याचा गुन्हा. मुलगी झाली, जयलक्ष्मी. ती दुडूदुडू चालायला लागली, आणि अंबा तापाने गेली.

तेव्हापासून शेषम्माला तो आवाज येई. भरीव सोनं किणकिणतं. लाखेने भरलेलं सोनं थपकन बोलतं, बंद पेटीवर बोट मारावं तसं. तुळशीला पाणी घालताना, तांदूळ निवडताना, मागच्या पडवीतून थप्प. ती वळून बघायची नाही. "आले गं," एवढंच म्हणायची.

छप्पन साली जयलक्ष्मीचं लग्न ठरलं. मुलगा तिरुवैयारूचा, शाळेत मास्तर. मुलापेक्षा त्याची आई कमलाक्षी जास्त मास्तर. तिने सांगून पाठवलं, सहा पवन सोनं गळ्यात हवं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी चार वडीलधाऱ्यांसमोर ते तोलून घेऊ. बाळकृष्णरावांनी वर्षभर पै-पै साठवून साडेचारशे रुपये केले होते. वर एक कवडी नव्हती. सोनं कमी भरलं तर लग्न मोडेल, आणि न मोडलं तर त्याहून वाईट होईल, हे शेषम्माइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चांगला दिवस बघून तिघं गुरुमूर्तींच्या पेढीवर गेली. गुरुमूर्ती गोड माणूस. गिऱ्हाइकाला आधी पानसुपारी, मग भाव. भिंतीवरच्या पाटीवर खडूने त्या दिवसाचा भाव होता, बावीस कॅरटचं पवन चौसष्ट रुपये.

"चांगला दिवस निवडलात, अम्मा," गुरुमूर्ती हसले. "पवनाच्या गुंजा चौसष्ट धरतो, म्हणजे आज गुंजेला एक रुपया. तुमच्या अंबालासुद्धा कष्ट नकोत."

"तिला कशाला मध्ये घेता? चिठ्ठी लिहा," शेषम्मा म्हणाली.

जयलक्ष्मीने आल्या आल्या एक अट्टिगे धरून ठेवली होती. गळ्यालगत बसणारा लाल खड्यांचा हार, प्रत्येक खड्याभोवती सोन्याची कळी. आरशात बघताना तिचं तोंड असं उजळलं की बाळकृष्णरावांनी खिशातलं पाकीट हाताने चाचपलं. गुरुमूर्तींनी हार तराजूत टाकला.

थप्प.

शेषम्माने पेढीभर नजर फिरवली. कुणी दचकलं नव्हतं.

"बरोबर सहा पवन!" गुरुमूर्तींनी लिहायला घेतलं. "सोनं तीनशे चौऱ्याऐंशी. सेदारम, म्हणजे घडवताना झिजतं ते, पवनाला चार गुंजा, झाले चोवीस. घडणावळ पवनाला तीन रुपये, अठरा. खडे तीस. एकूण चारशे छप्पन. विक्रीकर रुपयाला तीन पै, म्हणजे सात रुपये दोन आणे. चारशे त्रेसष्ट रुपये दोन आणे."

बाळकृष्णरावांचा चेहरा उतरला. गुरुमूर्ती जवळ सरकले. "बिल नको असेल तर कराचे सात रुपये वाचतात, स्वामी."

"बिल हवं," शेषम्मा म्हणाली. "आणि कारागिराने हाराबरोबर पाठवलेली चिठ्ठी हवी. खडे बसवायच्या आधी त्याने तोलले असतील की नाही?"

"अम्मा, ते कारागिराचं असतं..."

"म्हणूनच तर विचारते."

गुरुमूर्तींनी हाराची डबी उघडली, खालचा कापूस काढला. घडी केलेला कागद निघाला. खडे आणि त्यांच्याखालची लाख, अठ्ठेचाळीस गुंजा. पाऊण पवन.

शेषम्माने डोळे मिटले. (गल्लीतल्या बायका तिथे असत्या तर लगेच कापूर लावला असता.) "सोनं सव्वापाच पवन," ती म्हणाली. "तीनशे छत्तीस. सेदारम निव्वळ सोन्यावर, एकवीस. घडणावळही त्यावरच, पंधरा रुपये बारा आणे. खड्यांचे तीस तुम्ही वेगळे घेताच, मग ते सोन्याच्या भावाने पुन्हा का विकता? एकूण चारशे दोन रुपये बारा आणे. कर सहा रुपये, चार आणे, आठ पै. सगळे मिळून चारशे नऊ रुपये आठ पै."

गुरुमूर्तींनी पेन्सिलीने पडताळून पाहिलं आणि कानाची पाळी धरली. "सगळे असंच लिहितात, अम्मा. कुणी विचारत नाही. तुमच्यासाठी चारशे नऊ. आठ पै सोडले."

बाळकृष्णरावांना एकदम हसू फुटलं. चोपन्न रुपये उतरले! जयलक्ष्मीने हार तराजूतून उचलून पुन्हा गळ्यात घातला होता. "मावशी, घेऊया ना?"

"यात सव्वापाच आहेत," शेषम्मा म्हणाली. "त्यांनी सहा मागितलेत."

बाळकृष्णराव थोडे वाकले, आवाज खाली आणला. "अक्का, तराजूवर सहाच दाखवेल. खडे कोण उपटून बघतंय?"

वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांनाच ऐकू आलं.  शेषम्मा त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या मागे, पेढीच्या पायरीवर, जिथे चपला काढून ठेवल्या होत्या, तिथे ती बघत होती. तिथे कुणी नव्हतं. चपला होत्या, ऊन होतं, आणि उन्हात ओलं पाऊल वाळतं तसा एक डाग आक्रसत चालला होता. पाणक्या आत्ताच गेला असेल. असेलच.

"सहा पवन सोनं घालून हाच हार करायचा तर किती?" तिने विचारलं.

गुरुमूर्तींनी मान हलवली. "पहिला आकडाच, अम्मा. चारशे त्रेसष्ट."

"आणि बिनखड्याची साखळी? भरीव?"

"साधं काम. सेदारम पवनाला दोन गुंजा, घडणावळ दोन रुपये."

"तीनशे चौऱ्याऐंशी, बारा, बारा. चारशे आठ. कर सहा रुपये सहा आणे. चारशे चौदा रुपये सहा आणे. आणि बिलावर लिहा, निव्वळ सोनं सहा पवन, खडे नाहीत, लाख नाही."

जयलक्ष्मीने हार काढून काउंटरवर ठेवला, जरा जोरातच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं लग्न आहे, मावशी. तुला तुझ्या मेलेल्या माणसाचं पडलंय."

तिला आईचा चेहरा आठवत नव्हता, म्हणून तर ती हे म्हणू शकली. शेषम्माने गुरुमूर्तींना साखळी तोलायची खूण केली. साखळी तराजूत पडली, किणकिणली. शेषम्माने ती उचलून पुन्हा टाकायला लावली. गुरुमूर्तींना वाटलं बाई संशय घेते. तिला फक्त तो आवाज ऐकायचा होता.

लग्नाच्या आदल्या दुपारी तिरुवैयारूहून मंडळी आली. ओसरीवर चार वडीलधारे बसले, कमलाक्षीने स्वतःचा तराजू आणला होता. विश्वास अगदी पिशवीत बांधून आणला होता म्हणा ना! जयलक्ष्मी दाराआड उभी होती; आठ दिवस ती मावशीशी बोलली नव्हती. साखळी तोलली. सहा पवन, काटा मधोमध. कमलाक्षीने ती दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर धरावा तशी.

"एक खडा नाही, एक मोती नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सुनेच्या गळ्यातली साखळी की गाईचं दावं? एवढे गणिती म्हणवता, आणि मुलीला घालायला एक अट्टिगे नाही मिळाली?"

बाळकृष्णराव खांबाकडे बघू लागले, अठरा वर्षांपूर्वी बघत होते तसेच. गल्लीतल्या बायका खिडकीत जमल्या होत्या. शेषम्माचे डोळे उघडे होते. मागच्या पडवीतून काही ऐकू येतंय का, म्हणून ती क्षणभर थांबली. पडवी गप्प होती. मग ती कमलाक्षीकडे वळली आणि म्हणाली,

"उद्या हवं तर आटवून बघा. सहा घातलेत, सहाच निघतील. हिच्या आईला आम्ही चार सांगून तीन घातले होते, ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले. आता बसणार नाही."