तांबड्या पट्टीतला पारा

ती बातमी माझी होती, हे आधी सांगतो. जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पानावर, चार कॉलम: जालन्याच्या खदानीत डायनासोरच्या अंताचा पुरावा. मथळा डेस्कने दिला, पण मजकूर मी दिला होता आणि तो एका प्राध्यापकांनी मला चहाच्या टेबलावर सांगितला होता. मी विचारला नाही असा प्रश्न एकच होता: नमुना घेतला कुठून?

प्राध्यापक भूगर्भशास्त्राचे. त्यांच्याकडे एक मुलगी पीएचडी करत होती, मंठ्याजवळच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरची. पाच वर्षे ती खदानींतून फिरत होती. बातमीनंतर आठवड्याने तिनेच फोन केला. म्हणाली, "काका, तुम्ही छापलं ते चूक निघंल. एकदा येऊन बघा." मी गेलो.

खदान एमआयडीसीच्या मागे होती. दगड काढून झाल्यावर सोडून दिलेली, तळाला हिरवट पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग, काठाला प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक मेलेले डुक्कर. काळ्या बेसाल्टच्या दोन जाड थरांमध्ये वीतभर तांबडी मातीची पट्टी दिसत होती. ती पट्टी म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर, पुढचा येईपर्यंतच्या काळात दगड झिजून झालेली माती. उद्रेक काही काळ थांबला होता, इतकेच ती सांगते.

वाद काय आहे, हे तिने तिथेच, नाकाला ओढणी लावून सांगितले. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनासोरसह बहुतांश प्रजाती नष्ट झाल्या. जगभरच्या समुद्री थरांत त्या सीमेवर मातीची पातळ रेघ आहे. तिच्यात इरिडियम आहे, जे पृथ्वीच्या कवचात क्वचित आणि उल्कांमध्ये भरपूर असते. धक्क्याने आतून रेषा पडलेले क्वार्ट्झचे कण आहेत. मेक्सिकोत त्याच वयाचे मोठे विवर आहे. म्हणून एक बाजू म्हणते, उल्केने मारले. दुसरी बाजू म्हणते, त्याच सुमारास आपल्या पायाखालचा हा सगळा लाव्हा वाहत होता. त्याच्या वायूंनी हवामान आधीच बिघडवले होते, आणि दूरदूरच्या थरांत त्या काळात वाढलेला पारा ही त्याची खूण, कारण ज्वालामुखी पारा सोडतो.

"मंग कोण बरोबर?" मी विचारले.

"कधी काय झालं, त्यावर आहे सगळं. एका पद्धतीनं वय काढलं तर मोठा उद्रेक सीमेच्या जरा आधी येतो. दुसरीनं काढलं तर बराच लाव्हा सीमेच्या नंतर. नंतर आला असंल तर त्यानं मारलं कसं? दोन्ही घडलं असंल, असंही लोक म्हणतात. आणि ह्या पट्टीत तर मेलेला जीवच न्हाई, काका. अंत इथं दिसतच न्हाई."

प्राध्यापकांचा दावा पाऱ्याचा होता. ह्या पट्टीत पारा कितीतरी पट जास्त निघाला, म्हणून इथला उद्रेकच मारेकरी. त्यावरचा शोधनिबंध त्यांनी एका नियतकालिकाकडे पाठवला होता. पहिले नाव त्यांचे, दुसरे तिचे. नमुने तिनेच खरवडले होते, सरांनी बोट दाखवले तिथून, उघड्या कड्यावरून.

तिला शंका दोन गोष्टींनी आली. वरचा लाव्हा ह्या पट्टीवर पडला तेव्हा माती भाजली गेली होती, आणि तापवलेल्या मातीतून पारा उडून जातो. तरी इथे तो सगळ्यात जास्त, आणि तोही भाजलेल्या वरच्या भागात. दुसरे म्हणजे त्याच नमुन्यांत जस्त आणि शिसेही भरमसाट होते.

खदानीवर पूर्वी ड्रिल मशिन चालवणारे एक चाचा तेव्हा शेजारच्या खडी क्रशरवर होते. तिने बोलावले म्हणून आले. जस्त, शिसे हे शब्द ऐकून त्यांनी वर हात केला. "बेटा, भट्टीची राख इथंच तर टाकत होते. टेम्पो उलटा लावायचा, फाळका पाडायचा, बस्स. दोन पावसाळे. पाणी आलं की सगळं ह्याच दिवालीवरून खाली."

भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या राखेत जस्त, शिसे आणि पारा असतो. कड्यावर राखाडी ओघळ होते. मी ते पाहिले होते आणि दगडाचाच रंग समजलो होतो.

"चाचा, मंग नमुने काढले तेव्हाच का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली.

"तुझे साहेब गाडीतून उतरलेच न्हाईत, बेटा. काचेतूनच बोट दाखवत होते. मी कुणाला सांगू, काचेला?"

चाचांनी त्याच पट्टीत हातभर आत भोक पाडून दिले. आतली माती तिने स्वच्छ चमच्याने काढली, पिशवीवर खोली लिहिली. महिनाभराने निकाल आले. आत पारा जवळजवळ नव्हताच, जस्त आणि शिसेही नेहमीइतकेच. वरची साल राखेने माखलेली होती. पाच वर्षांच्या कामातला सर्वात मोठा भाग त्या सालीवर उभा होता.

ती निकाल घेऊन सरांकडे गेली, तेव्हा मी सोबत होतो. दुरुस्तीसाठी मला त्यांचे म्हणणे हवे होते. त्यांनी कागद पाहिले, परत तिच्याकडे सरकवले.

"हातभर आतली माती वेगळीच असते. हा अपवाद धर."

"सर, पट्टी तीच आहे."

"तुला प्रबंध द्यायचाय ना? शेतात परत जायचंय का खुरपायला?" मग माझ्याकडे वळून, हसून: "साहेब, तुमची बातमी छान झाली. आता तिच्यात कशाला हात घालता?"

समोर चकलीची ताटली होती. ते बोलता बोलता खात होते आणि तुकडे निकालाच्या कागदावर पडत होते. मला शिसारी आली, आणि त्या शिसारीत मीही होतो.

मी दुरुस्ती लिहून दिली. डेस्कने विचारले, खंडन कुणी मागितले आहे का? कुणी मागितले नव्हते. ती छापली नाही. मी दोनदा पाठवली, तिसऱ्यांदा पाठवली नाही. हे माझे.

तिने मात्र नियतकालिकाला पत्र लिहिले. दोन्ही निकाल जोडले, राखेची माहिती लिहिली आणि ह्या निबंधावर माझे नाव नको असे कळवले. विभागाला मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज दिला. घरच्यांना वर्ष वाया गेले एवढेच सांगितले. विभागाने अर्ज घेतला. शहरापासून लांब, राख पोचली नाही अशा खदानींत नव्याने नमुने घे, म्हणून सांगितले. पहिले नमुने प्रबंधातून काढावे लागतील, हेही सांगितले.

नियतकालिकाचे उत्तर दोन ओळींचे आले. लेखकांची नावे हा लेखकांचा आपसातला प्रश्न आहे, संबंधित प्राध्यापकांशी बोलून तो सुटला आहे.

निबंध तीन महिन्यांनी छापून आला. आकडे तेच, आलेख तोच, वरच्या भाजलेल्या मातीतला उंच सुळका तसाच. जस्त आणि शिसे ह्यांचे रकाने गाळलेले. तिचे नाव लेखकांत नव्हते. शेवटी, बारीक अक्षरांत, नमुने गोळा करण्यास मदत केल्याबद्दल तिचे आभार मानले होते.

तिने ते पान मला फोनवर पाठवले आणि खाली लिहिले, "काका, नाव काढा म्हटलं होतं. त्यांनी ते खाली ठिवलं."