लाल शाईचे दोन कॉमे

दुर्गाबाई गर्गेंच्या हाती इंग्रजी कसं आलं, ते ऐकाच. पंगतीत जेवायला बसलेल्या माणसाला उठवून त्याच्याच हातात वाढायचं पातेलं द्यावं, तसं. बाई संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या. सत्तेचाळीस साली उज्जैनच्या मुलींच्या शाळेत लागल्या. वर्षभरात इंग्रजीच्या बाई सोडून गेल्या आणि मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस कुसुमताई, म्हणाल्या, "दुर्गाबाई, तुम्ही पदवीधर आहात ना? मग घ्या वर्ग." झालं. बाईंनी घेतला.

बाई भित्र्या, पण अभ्यासू. त्यांना सगळ्यात धास्ती कसली, तर मॅट्रिकच्या पेपरातल्या वाक्यं जोडायच्या प्रश्नाची. दोन छोटी वाक्यं द्यायची आणि 'हू' किंवा 'विच' घालून मुलींनी त्यांचं एक करायचं. बोर्डाकडून कुणाच्या तरी हाती आलेला एक नमुना उत्तराचा कागद बाईंना मिळाला. त्यावर होतं : 'कालिदास, हू लिव्ह्ड इन उज्जैन, वॉज अ ग्रेट पोएट.' कालिदास आपल्या गावचा, मग काय विचारता! बाईंनी तो कागद जपून ठेवला आणि त्यातून नियम काढला : 'हू' आला की त्या वाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक कॉमा.

"मुलींनो, दोन वेण्यांना कशा दोन रिबिनी लागतात? एकीला बांधली, दुसरीला नाही, असं चालतं का?"

"नाही, बहनजी!" मुली एका सुरात.

"मग 'हू'ला दोन्हीकडे कॉमा."

सात वर्षं रिबिनी बांधल्या. गंमत म्हणजे सातही वर्षं पेपरात शिप्रा नदी यायची, अशोक यायचा, ताजमहाल यायचा. नावं आली की कॉमे हवेतच, आणि मुलींना पुरे गुण. बाईंना वाटलं, आपल्याला जमलं. आई, म्हणजे माई, कौतुकानं म्हणायची, "माझ्या दुर्गीला साहेबाची भाषा येते." बाई लाजून मान खाली घालायच्या. लाजायचं कारण वेगळं होतं हो. आपल्याला ती फारशी येत नाही, हे त्यांना आतून माहीत होतं.

छप्पन साली काय झालं ते ऐका. मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, भोपाळ राजधानी होणार, कोण नोकरीत राहील नि कोण नाही याच्या याद्या होणार. स्टाफरूममध्ये दुसरं बोलणं नाही. बाईंची नोकरी नऊ वर्षं तात्पुरतीच होती. पक्कं करायचा कागद वर गेलेला होता, एक सही राहिली होती. बाई रोज सकाळी महाकालाकडे तोंड करून हात जोडायच्या आणि मग टपालवाल्याकडे बघायच्या.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेच्या दारात उन्हात मुली वर्तमानपत्र धरून उभ्या. एकीचा नंबर नाही, दुसरीचा नाही. एकेचाळीस मुली, एकीचाही नंबर नाही. छापणाऱ्याची चूक असेल, म्हणून मुली हसल्या. मग हसणं हळूहळू थांबलं. सुलू नाखरे म्हणून बाईंची सगळ्यात हुशार मुलगी होती. ती वर्तमानपत्र उलटसुलट करून म्हणाली, "बाई, आपली अख्खी शाळाच नाही यात."

शाळेचा वयस्कर शिपाई बापू आतून आला. हातात बोर्डाचा लिफाफा. कुसुमताईंनी तो वाचला, बाईंना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सामूहिक नक्कल," त्या बाईंना म्हणाल्या. "एकेचाळीस उत्तरपत्रिकांत एकच चूक, एकाच जागी. परीक्षक म्हणतो, हॉलमध्ये कुणीतरी उत्तर बोलून दिलं. चौकशीला माणूस येतोय."

"कुठली चूक?" बाईंनी विचारलं.

कुसुमताईंनी कागद पुढे सरकवला. प्रश्न होता : 'एका मुलानं माझं पुस्तक चोरलं. तो पकडला गेला.' आणि उत्तर : 'द बॉय, हू स्टोल माय बुक, हॅज बीन कॉट.' दोन कॉमे. अगदी वेण्यांच्या रिबिनींसारखे.

बाहेर गरम लू अशी वाहत होती की खिडकीची कडी आपोआप खटखट वाजायची, आणि दर खटक्याला बाईंना वाटायचं, आला तो चौकशीचा माणूस.

चौकशीला बोर्डाचे भय्यासाहेब आले ते टांग्यातून, टोपी काढून रुमालानं डोकं पुसत. माणूस मवाळ, बोलणं हळू. मवाळ माणसाचीच भीती जास्त वाटते, नाही का? त्यांनी बाईंना समोर बसवलं आणि सुपारी कातरत विचारलं, "बाई, तुम्हीच इंग्रजी शिकवता? मग मला सांगा, या वाक्यात चुकलं काय?"

बाई ते वाक्य परत परत वाचू लागल्या.

"बरं, मीच सांगतो. कालिदास म्हटलं की कुठला कालिदास, हे विचारावं लागतं का? नाही ना. मग 'जो उज्जैनात राहायचा' ही जाता जाता सांगितलेली गोष्ट. ती दोन कॉम्यांत घालायची. काढून टाकली तरी कालिदास कालिदासच राहतो. पण नुसतं 'मुलगा पकडला' म्हटलं तर? कुठला मुलगा? 'ज्यानं पुस्तक चोरलं तो.' तो तुकडाच ओळख पटवतो, त्याला बाजूला काढता येत नाही. म्हणून तिथे कॉमा नाही. समझे न आप?"

बाईंना समजलं. आठव्या वर्षी समजलं, आणि असं समजलं की खुर्ची खालून सरकल्यासारखं वाटलं.

"एखाद-दोघींनी घातला असता तर अर्धा गुण कापून सोडलं असतं," भय्यासाहेब म्हणाले. "पण एकेचाळीस! निबंध सगळ्यांचे वेगळे, हे मीही बघितलंय. तरी परीक्षकानं लिहून पाठवलंय, की या प्रश्नाचं उत्तर हॉलमध्ये पुरवलं. नक्कल ठरली तर मुली दोन वर्षं परीक्षेला बसू शकणार नाहीत. परवा मी रपोट देणार. कुणाला काही सांगायचं असेल तर तोपर्यंत."

ते बापूच्या हातचं पाणी प्यायले आणि माधव नगरातल्या मुक्कामी गेले.

कुसुमताईंनी बाईंना थांबवलं. काही कळलं नाही असं नव्हतंच त्यांना. "दुर्गाबाई, हे तुम्ही शिकवलंय, हो ना?"

"हो."

"हे बघा, आपण दोघीच आहोत म्हणून बोलते. तुमचा कागद वर आहे. इंग्रजीच्या बाईला साधा कॉमा येत नाही, असं लेखी गेलं तर सही होणार नाही. मुलींचं काय, दोन वर्षांनी बसतील. पोस्ट परत येत नाही. माईंना कोण बघणार?"

बोलणं चूक नव्हतं. तेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई देवघरासमोर नुसत्याच बसल्या. माई म्हणाली, "अगं, आज पूजा तरी पुरी कर. सारखं दाराकडे काय बघतेस? कोण पकडायला येणार आहे तुला?" आणि स्वतःच्या विनोदावर खुदखुदली. बाईंनी हातातलं फूल खाली ठेवलं.

तेवढ्यात दारात सुलू. डोळे सुजलेले. हातात एक जुनी वही, कोपरे दुमडलेली.

"बाबा म्हणतात, नक्कल करणाऱ्या मुलीला कॉलेज कशाला. देवासचं स्थळ आलंय, हो म्हणून कळवतो, म्हणतात. बाई, आम्ही नक्कल नाही केली. तुम्हाला तर माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग तुम्ही सांगा ना! ही आठवीची वही सापडली. दाखवायची का त्या साहेबांना? पण यात तर..." सुलू अडखळली. हुशार मुलगी; तिला दिसलं होतं, पण बाईंसमोर बोलवेना.

बाईंनी पान उघडलं. आठवीतल्या सुलूनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'द मॅन हू सेल्स मिल्क इज माय अंकल.' कॉमा नाही. अगदी बरोबर. आणि त्यावर बाईंनी लाल शाईनं, जोर देऊन, दोन कॉमे घातले होते. कागद फाटेल इतका जोर. शेजारी अर्धा गुण कापलेला, आणि खाली शेरा : 'रिबिनी विसरलीस!'

बाईंनी त्या लाल खुणांवरून बोट फिरवलं. मुलीला बरोबर येत होतं. आपण तिला चुकायला शिकवलं, आणि वर गुणही कापला.

"सुलू, तुझ्या वर्गातल्या आणखी कुणाच्या वह्या असतील?"

"चुलीत गेल्या असतील पुष्कळ. पण विचारते."

संध्याकाळपर्यंत सहा वह्या गोळा झाल्या. एक पापडाच्या डब्यात सापडली, एकीच्या मागच्या पानांवर धुण्याचा हिशेब. सहाही वह्यांत लाल कॉमे, रांगेनं, गळासारखे वाकलेले. बाईंनी त्या पदराखाली घेतल्या. वाटेत कुसुमताई भेटल्या. त्यांनी पदराकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "विचार केलात?"

"नोकरीचा विचार तर नऊ वर्षं करत्येय."

माधव नगरातल्या मुक्कामी भय्यासाहेबांनी सहा वह्या एकामागून एक उघडल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "लिहा. ही चूक मी शिकवली, हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही, असं. इंग्रजीत लिहा, वर इंग्रजीतच लागतं." बाईंनी लिहिलं. एका वाक्यात 'विच' आला, तिथे हात थांबला. कॉमा घालावा की नको? भय्यासाहेब बघत होते. बाईंनी कॉमा घातला नाही.

"आता तुम्हाला येतंय," भय्यासाहेब म्हणाले. ते हसले नाहीत.

ऑगस्टात एकेचाळीसही मुलींचे निकाल आले. प्रत्येकीचा त्या प्रश्नात अर्धा गुण कापलेला, बाकी सगळं शाबूत. सुलू फर्स्ट क्लास. तिच्या बाबांनी देवासला नाही कळवलं आणि स्वतः माधव कॉलेजात फॉर्म भरून आले. मुली पेढे घेऊन आल्या, माईनं दोन खाल्ले. "आता माझ्या दुर्गीचा कागदही येईल," ती म्हणाली. बाईंनी तिचा पदर सारखा केला आणि आत गेल्या.

बाईंच्या नावाचा कागद सप्टेंबरात आला नाही, ऑक्टोबरातही नाही. टपालवाला आता त्यांची नजर चुकवून जायचा.

एक नोव्हेंबरला नवं राज्य झालं. शाळेत झेंडा, मुलींना लाडू, लाउडस्पीकरवर गाणी. लोक एकमेकांना म्हणत होते, आजपासून आपण मध्यप्रदेशवाले. त्याच गडबडीत बापूनं नोटीस बोर्डावर एक यादी लावली आणि बाईंना यायला वेळ मिळावा म्हणून की काय, टाचण्या लावता लावता बराच वेळ घालवला. स्टाफमधल्या बायका जमल्या. ज्यांची नावं होती त्या हसत बाजूला झाल्या. बाई शेवटी पुढे गेल्या. यादीत ग आला, ग संपला; गर्गे कुठेच नाही.

यादीखाली एकच इंग्रजी ओळ होती : 'टीचर्स हूज नेम्स डू नॉट अपियर अबव्ह शुड हँड ओव्हर चार्ज.' बाईंची नजर अर्थावर नाही, आधी कॉम्यांवर गेली. सवय हो, दुसरं काय. कुठेच कॉमा नव्हता. म्हणजे सगळ्या शिक्षिका नव्हेत. ज्यांचं नाव नाही, त्यांनीच चार्ज सोडायचा.

"बहनजी, बरोबर है क्या?" मागून बापूनं हळूच विचारलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बिचारा विचारत होता नाव आहे का.

"हो, बापू," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे." आणि स्टाफरूममधल्या आपल्या टेबलाच्या खणातून लाल शाईची दौत काढून, बूच घट्ट लावून, त्यांनी ती त्याच्या हातात दिली.