भाजीचा फोटो

नवरा गेल्यावर मला सगळ्यात आधी विचारलं ते भाजीवालीने. "भाऊ कुठे दिसत नाहीत?" म्हणाली. मी सांगितलं. ती "अरेरे" म्हणाली आणि मग म्हणाली, "काय देऊ?" मला ते आवडलं. बाकीचे लोक अरेरे म्हणून तिथेच उभे राहायचे.

भाजी आणणं हे आमच्याकडे त्याचं काम. कॉटन ग्रीनच्या गोदामातून सुटला की चालत लालबागच्या मंडईत यायचा, टोपल्यांचा फोटो काढून सासूबाईंना पाठवायचा आणि लगेच फोन लावायचा. "आई, बघितलास? हा कोपऱ्यातला घेऊ की तो लांबडा?" सासूबाई म्हणतील तो दुधी यायचा. मला हसू यायचं. पन्नाशीला आलेला माणूस, एक दुधी आईला विचारल्याशिवाय घेत नाही! पण घरात भाजी कायम कोवळी असायची, हे कबूल. परळच्या लॅबच्या काउंटरवर दिवसभर उभी राहून मी घरी आले की चिरायचं तेवढं काम माझं. निवडायची अक्कल मला कधी लागलीच नाही.

तो गेला आणि मला काही वाटेनासं झालं. रडू येत नव्हतं. लोक येऊन माझ्याकडे बघत बसायचे, कधी रडते म्हणून. मी चहा करायचे. चहात साखर घातली का नाही हेसुद्धा आठवायचं नाही, आणि त्याचंही काही वाटायचं नाही.

मोठे दीर बदलापूरहून तेराव्याला आले तेव्हाच म्हणाले, "आईला मी घेऊन जातो. तू दिवसभर कामावर. ही एकटी खोलीत, गॅस आहे, जिना आहे. उद्या काही झालं तर?" त्यांचं चुकीचं नव्हतं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, म्हणाल्या, "माका खंय जावचा नाय. माझा सगळा धड हा." दीर म्हणाले, "बरं, बघू. पण जरा जरी काही वाटलं ना आई, त्याच दिवशी टॅक्सी बोलावणार." माझ्याकडे वळून म्हणाले, "काही दिसलं तर मला सांगायचं हां." मी मान हलवली. त्या गेल्या असत्या तर त्या खोलीत मी एकटीच उरणार होते, मूलबाळ नाही आम्हाला. तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही. गेल्या तर गेल्या, म्हटलं.

कामावर परत रुजू झाल्यावर मंडईत मी जायला लागले. काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तो करायचा तेच केलं. फोटो काढला, पाठवला, फोन लावला.

"आई, फोटो बघितलात?"

"बघितलंय."

"तोंडली घेऊ?"

"घे. बरी हत."

मी घेतली. घरी येऊन चिरायला बसले तर निम्मी आतून लालभडक, पिकलेली. मला वाटलं वरच्यावर चांगली घालून खालची सडकी दिली असणार. पण भाजीवालीने माझ्यासमोर त्याच ढिगातून घातली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी त्याने एक जून भेंडी आणली तर दोन दिवस ऐकवायच्या. लाल तोंडली मी बाजूला केली, उरलेल्यांचा मसालेभात टाकला, दोघींनी खाल्ला.

मग एकदा दुधी. "बरो दिसता, घे," म्हणाल्या. विळीवर धरला तर लाकूड. बिया दातांसारख्या टणक. तोही गपचूप खाल्ला. मला वाटलं, मुलगा गेला, आता कोणाला कसली चव. माझंही तसंच चाललं होतं, तेव्हा मला ते पटलं.

खरं कळलं ते माझ्या वेंधळेपणामुळे. मंडईत गर्दी होती, एका हातात छत्री, पाठवला कुठला फोटो ते मी बघितलंच नाही. फोन लावला.

"आई, दुधी बघितलात?"

"बघितलंय. दुधी कवळो हा. घे."

फोन ठेवून बघते तर काय, फोटो माझ्या चपलेचा. चप्पल, थोडी ओली फरशी आणि माझी हिरवी कापडी पिशवी खाली टेकवलेली. दुधी औषधालाही नव्हता. मी तिथे उभी राहिले. मागून एक बाई "सरका ना ताई" म्हणाली, तेव्हा सरकले. हसायला यायला हवं होतं. आलं नाही.

घरी आले. काही न घेताच आले होते. सासूबाईंनी पिशवी चाचपली. पहिल्यांदाच मी नीट बघितलं: त्या पिशवीकडे बघत नव्हत्या, मान जरा वाकडी करून बाजूला बघत होत्या आणि बोटं आत फिरत होती.

"दुधी खंय?" त्यांनी विचारलं.

"आई, मी चपलेचा फोटो पाठवला होता."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग पदराने तोंड पुसलं. "मधला दिसणा नाय," म्हणाल्या. "कडेचा दिसता. मधे काळा ढग. तेका माहीत होता. तोच घेऊन गेलेलो डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पडदो गेलो म्हणता, परत येवचो नाय."

हळूहळू त्यांनीच सगळं सांगितलं. म्हणजे तो फोन करायचा तो विचारायला नव्हे. "कोपऱ्यातला लव असलेला, देठ हिरवा आहे, नख आत गेलं, घेऊ ना आई?" असं सगळं त्यानेच सांगायचं आणि त्यांनी "घे" म्हणायचं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारून भाजी येते, हे आम्हा सगळ्यांना दिसत राहावं म्हणून. मला नाही सांगितलं. मी काउंटरवरून कोणाकोणाला बोलले असते, असं वाटलं असेल त्याला. खरंही असेल ते.

"थोरल्याक सांगू नको गो," त्या म्हणाल्या. "तो माका बदलापुराक नेऊन ठेवतलो. थंय माझा कोण हा? हंय भिंतीक हात लावलंय तरी समाजता."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जेवायला वरणभात केला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी मला शिकवायला घेतलं, फोनवर. "दुधयार हात फिरव. बारीक लव लागता? देठाकडे नख लाव. पाणी इला की घे." मी नख लावलं तर भाजीवाला भय्या ओरडला, "मॅडम, नाखून मत मारो, फिर कौन लेगा?" सासूबाईंनी ते फोनमधून ऐकलं आणि म्हणाल्या, "तेका सांग, कवळो असलो तर मीच घेतंय." पडवळ हातात घट्ट लागलं पाहिजे, मऊ, फुगीर झालं की आत बिया आल्या. तोंडली बारीक घ्यायची, टोकाला पिवळट लाल छटा असली तर सोडायची, आणि एक मोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकायची नाहीत. दुधी घरी आला की चिरण्याआधी कच्ची फोड त्या चाखायच्या. कडू निघाला तर सरळ कचऱ्यात, शिजवायचाच नाही, पोटाला बाधतो. मी मुकाट्याने सगळं करत होते. भाजी सुधारली. मी सुधारले नव्हते.

एका रविवारी दीर आले. दादरला उतरून आले होते. आल्या आल्या त्यांनी बाहेरच मला विचारलं, "आई बरी आहे ना? परवा फोनवर म्हणाली टीव्ही बघत नाही, म्हणून विचारतो. डोळ्यांचं काही नाही ना?" मी म्हटलं, "विचारा त्यांनाच." आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि खिशातून मोबाइल काढला.

"आई, हे बघ. दादरच्या मंडईत काढलाय. ओळख बघू काय काय आहे."

मोबाइल त्यांनी आईच्या नाकासमोर धरला. मी सासूबाईंच्या मागे ओट्याशी उभी होते, मलाही फोटो दिसत होता. तीन ढीग. पोपटी दुधी, एक टोपली तोंडली, आणि मधे घोसाळी, गडद हिरवी, गुळगुळीत, लांबट.

सासूबाईंनी मान वाकडी केली. माझ्या हातात पीठ होतं, ते तसंच राहिलं.

"दुधी," त्या म्हणाल्या. मोठा फिकट ढीग असेल दिसला कडेने. "तोंडली." थांबल्या. गालाची शीर हलताना मला दिसली. "आणि ह्या पडवळ."

झालं, म्हटलं मनात. पडवळ फिकं असतं, पांढऱ्या रेघांचं, वाकडंतिकडं. लालबागच्या मंडईत चाळीस वर्षं भाजी घेतलेली बाई घोसाळ्याला पडवळ म्हणेल? लहान पोर नाही म्हणणार. आणि मला पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, भीती वाटली. दीर आता टॅक्सी बोलावणार, या खोलीत मी आणि त्याचे शर्ट, बस.

पण दिरांनी मोबाइल स्वतःकडे वळवला, डोळे बारीक करून बघितलं, परत बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे का गं?"

त्यांना कुठे माहीत होतं! आयुष्यभर ताटात येईल ती भाजी खाल्लेला माणूस. परीक्षा घ्यायला आला आणि उत्तर याच्याकडेच नाही.

"बरोबर," मी म्हटलं. "पडवळच आहे ते. जून वाटतंय जरा."

"हो का," दीर म्हणाले आणि मोबाइल खिशात घातला. त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनाही आईला न्यायला नको होतं की काय कोण जाणे. दोन चपात्या जास्त खाल्ल्या त्यांनी आणि ऊन उतरल्यावर गेले.

दार लावून मी आत आले. सासूबाई तशाच बसल्या होत्या.

"काय होता ता?" त्यांनी विचारलं.

"घोसाळी."

"शी गे बाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मगे तू बरोबर कित्याक म्हटलंस?"

मला काहीतरी व्यवहाराचं सांगायचं होतं. तुमच्याशिवाय मला भाजी कळत नाही, असं काहीतरी. तोंडून निघालं ते वेगळंच. "मला तुम्ही इथे हव्या आहात आई. मला एकटीला नाही जमणार." शेवटचा शब्द नीट निघालाच नाही. तो गेल्यापासून जे येत नव्हतं ते आलं आणि थांबेना.

त्यांनी माझ्या आवाजाच्या रोखाने हात पुढे केला. तो थोडा बाजूला गेला, हवेत राहिला. मी सरकून त्याच्याखाली जाऊन बसले.