डावीकडचा कप्पा

माझ्या कंपनीने घरून काम करणाऱ्यांना दिलेले जुने मॉनिटर एका वर्षी आम्हालाच वापरायला सोडून दिले. माझ्याकडे दोन झाले. त्यातला लांबलचक, किंचित वाकलेला मॉनिटर मी बाबांना दिला. बाबा सरकारी संशोधन संस्थेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते आणि एका जुन्या कन्नड पुस्तकाचं मराठी करत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं, छापायचंही नव्हतं. चाळीसएक वर्षं बंगळुरात काढल्यावर त्यांचं कन्नड आमच्या शेजारच्या अक्कांपेक्षाही शुद्ध झालं होतं, आणि ते वाया जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू असावा. पुस्तक फार जीर्ण असल्यामुळे त्यांनी ते उघडं ठेवून फोनने फोटो काढले होते. एका फोटोत समोरासमोरची दोन पानं. लॅपटॉपच्या पडद्यावर ती अक्षरं फार बारीक दिसत, म्हणून हा मोठा मॉनिटर.

हेब्बाळच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांची खोली तळ्याच्या बाजूला आहे. मॉनिटर टेबलावर ठेवला तेव्हा आई म्हणाली, "हे काय, दुकानाची पाटी लावल्यासारखं वाटतंय." बाबा मात्र खूश होते.

त्यांची एक सवय होती. काहीही उघडलं की कोपऱ्यातलं बटण दाबून ते पडदाभर मोठं करायचं. लॅपटॉपवर ते शोभतं. या मॉनिटरवर त्यांचं नोटपॅड पडदाभर झालं की एकच ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली जायची. वाचताना मान फिरवावी लागायची. बातम्यांची एखादी साइट उघडली तर मजकूर मधल्या बारीक पट्टीत आणि दोन्ही बाजूंना पांढरं वाळवंट.

आठवड्याभरात बाबांची तक्रार आली. "अगं, ओळ संपते आणि पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही."

"एवढ्या रुंद पडद्यावर सगळ्यांनाच होतं तसं, बाबा," मी म्हटलं, आणि ते खरंही होतं. लांब ओळीच्या शेवटाहून परत येताना नजर चुकते. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. असल्या तक्रारी ऐकणं माझ्या रोजच्या कामातलं.

मी त्यांना विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि डावा बाण दाबायचा, म्हणजे विंडो डाव्या अर्ध्यात बसते, हे दाखवलं. मग उरलेल्या अर्ध्यात दुसरी. त्यांनी करून पाहिलं, पण अर्ध्या पडद्यात दोन पानांचा फोटो लहान होतो म्हणून संध्याकाळपर्यंत सगळं परत पडदाभर ताणलेलं.

तेव्हा मी एक छोटं मोफत टूल टाकलं. त्यात पडद्याचे आपल्याला हवे तसे कप्पे आखता येतात. शिफ्ट दाबून विंडो ओढली की कप्पे उजळतात आणि विंडो सोडली की ती नेमकी त्यात बसते. मी तीन कप्पे आखले: डावीकडे अर्ध्याहून थोडा मोठा, पुस्तकाच्या फोटोसाठी. मध्ये नोटपॅड. अगदी उजवीकडे अरुंद कप्प्यात शब्दकोश. शिवाय एक सोय चालू केली: एखादा प्रोग्राम पुन्हा उघडला की त्याची विंडो आपसूक आधी होती त्याच कप्प्यात जाऊन बसेल. मी प्रत्येक कप्प्यावर बोट ठेवून दाखवलं. बाबा बोटामागे बघत कन्नडमध्ये "सरी, सरी", ठीक ठीक, म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ते दारात येऊन उभे राहिले. "फोटो उघडतो आणि नाहीसा होतो," ते म्हणाले.

"नाहीसा म्हणजे?"

"क्षणभर दिसतो, मग जातो. पुन्हा उघडला, पुन्हा गेला."

मीटिंग संपवून मी त्यांच्या खोलीत गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, तळ्यावर घारी फिरत होत्या. पडद्याच्या डाव्या कप्प्यात पुस्तकाचा फोटो व्यवस्थित उघडा होता, मोठा, स्पष्ट. मी तो बंद केला तर त्याच्यामागे तोच फोटो. तो बंद केला तर आणखी एक. कितीतरी वेळ मी एकाच पानामागून तेच पान काढत होते. प्रत्येक वेळी विंडो पडद्याच्या मध्ये उघडत होती आणि लगेच सरकून डावीकडे आपल्या कप्प्यात बसत होती. टूल मी सांगितलं होतं तेच करत होतं.

"बाबा, हा काय इथे आहे."

"कुठे?" ते पडद्याकडेच बघत होते.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि कामावर विचारते तसं विचारलं, "पडद्यावर किती विंडो दिसतायत?"

"दोन. माझं लिखाण आणि शब्दकोश."

मी शब्दकोश ओढून डाव्या कप्प्यात टाकला आणि फोटो उजव्या अरुंद कप्प्यात. बाबांचा चेहरा उजळला. "हा बघ, सापडला! पण शब्दकोश कशाला बंद केलास?"

शब्दकोश त्यांच्यासमोर होता, वीतभर अंतरावर, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत.

"या मॉनिटरची डावी कडा कुठे आहे, हात लावून दाखवता?"

त्यांनी जराही न अडखळता हात उचलला आणि पडद्यावरच, नोटपॅड जिथून सुरू होत होतं त्या रेघेवर, बोट ठेवलं. "ही काय." त्यांच्या आवाजात शंका नव्हती. मी वेडा प्रश्न विचारतेय असं थोडं हसू होतं. त्या बोटाच्या डावीकडे अर्ध्याहून अधिक पडदा उजळलेला होता, आणि बाबांच्या लेखी तिथे भिंतसुद्धा नव्हती. काही म्हणजे काहीच नव्हतं.

मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. काही बोलले नाही. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले आणि मग रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "गेली वाटतं," आणि टाइप करू लागले.

मी स्वयंपाकघरात गेले. आईला विचारलं, बाबांचं हल्ली काही वेगळं वाटतंय का. ती ओट्यापाशी थांबली. "जेवताना डाव्या बाजूचं काही खात नाहीत," ती म्हणाली. "चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळं तसंच. भात-भाजी संपवून उठतात. मला वाटलं, पथ्य सुरू केलंय."

अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलच्या वाटेवर होतो. बाबा मागच्या सीटवर शांत बसले होते आणि उजवीकडच्या खिडकीतून काय काय दिसतंय ते सांगत होते. एवढी घाई कशाची, ते त्यांना कळत नव्हतं. दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, बोलणं स्वच्छ होतं.

स्कॅन पाहून डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकून झटका येऊन गेला होता, कदाचित काही आठवड्यांपूर्वीच. "डोळे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना डावी बाजू दिसते. मेंदू तिची दखल घेत नाही. आणि जे जाणवतच नाही ते हरवलंय असं माणसाला वाटत नाही, म्हणून ते तक्रारही करत नाहीत." बाबांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. आत परतल्यावर मी तो कागद पाहिला. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले होते, आणि बाबा त्याच्याकडे समाधानाने बघत होते.

औषधं सुरू झाली. घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. मी मोठ्या कौतुकाने त्यांना मॉनिटर दाखवला. बाबांची गैरसोय नको म्हणून मी कप्पे नव्याने आखून सगळं काम उजव्या अर्ध्यात आणलं होतं आणि डावीकडचा पडदा काळा सोडला होता.

"असं नको," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तिकडे काही नाही, हे त्यांना आधीच पटलेलं आहे. तुम्हीही तेच म्हणू नका. स्वल्प स्वल्प तिकडे न्या."

मग आम्ही तसं केलं. नोटपॅडच्या डाव्या कडेला लागून मी एक उभा लाल पट्टा ठेवला. ओळ संपली की लाल दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, आणि लाल दिसल्याशिवाय वाचायचं नाही. दर थोड्या दिवसांनी मी कप्पे आखायचा पडदा उघडून मधली रेघ बोटभर डावीकडे सरकवायचे. बाबा मान वळवून, कपाळाला आठ्या घालून लाल पट्टा शोधायचे. काही दिवस तो लगेच सापडे. काही दिवस ते म्हणत, "आज तू लावलाच नाहीस," आणि तो समोर असे. अशा दिवशी मी खोलीबाहेर येऊन जरा वेळ पॅसेजमध्ये उभी राहायचे.

हळूहळू रेघ पुढे सरकली. कोशिंबीर संपू लागली. फोटो पुन्हा डावीकडच्या मोठ्या कप्प्यात जाऊन बसला आणि बाबांना तिथे दिसू लागला.

तेव्हा त्यांनी मागचं लिखाण मूळ पुस्तकाशी ताडून बघायला घेतलं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. डाव्या कप्प्यात पुस्तक, मध्ये त्यांचं मराठी.

"हे वाच," ते म्हणाले.

पुस्तक दोन भावांच्या प्रवासाचं होतं. घाटातल्या जंगलातून ते पायी निघालेले असतात. बाबांचं मराठी सरळ, सुंदर होतं. दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यापर्यंत दोघे भाऊ चालत होते. मग एका वाक्यानंतर एकच भाऊ होता. तो नदी ओलांडत होता, चूल पेटवत होता, कुणाशीतरी बोलत होता. दुसऱ्याचं काय झालं याचा उल्लेख नाही, आणि वाचताना कुठे ठेचही लागत नव्हती.

"तिथून पुढे मी फक्त उजवीकडची पानं केलीत," बाबा म्हणाले. "तिथून पुढे एकही सम पान नाही. धाकटा तापाने आजारी पडतो ते डाव्या पानावर आहे."

"पण वाक्यं तर जुळतायत."

"मीच जुळवलीत ती. हे बघ." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'तो एकटाच निघाला होता, आणि त्याला सोबतीची सवय नव्हती.' "हे मुळात नाहीच. हे माझं आहे. कधी लिहिलं, आठवत नाही."

मी विचारलं, "तेव्हा काही तुटल्यासारखं, अर्धवट वाटत नव्हतं?"

त्यांनी बराच विचार केला. त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "सगळं पूर्ण होतं."

ती पानं त्यांनी खोडली नाहीत. वेगळी ठेवून दिली आणि प्रकरण दुसरं पुन्हा सुरुवातीपासून करायला घेतलं. मी माझ्या खोलीत येऊन कामाला बसले. माझा मॉनिटर त्यांच्याइतका रुंद नाही. समोर तीन विंडो होत्या. काम सुरू करण्याआधी मी हात लांब करून मॉनिटरची डावी कडा चाचपली, आणि बोटांना प्लास्टिकची धार लागेपर्यंत हात काढला नाही.