राघोकाकांच्या कागदाची घडी

जेसल पार्कातल्या आमच्या मेडिकलमध्ये गिरिजाताई सव्वीस वर्षं फार्मासिस्ट आहे. गुहागरची बाई, तोंडाने फटकळ, आणि चिठ्ठीचा अस्पष्ट फोटो आला की हटकून बिथरणार. मी काउंटरला असते. गिऱ्हाईक खोळंबलेलं मला बघवत नाही, म्हणून आमचं दोघींचं रोज वाजायचं.

त्या बुधवारी सकाळी शेजारच्या सोसायटीतल्या आशावहिनींचा मेसेज आला. त्यांच्या सासऱ्यांना, राघोकाकांना, सांधेदुखीवरच्या उपचारांनंतर सोमवारीच दवाखान्यातून घरी सोडलं होतं. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पाठवून त्यांनी महिन्याच्या गोळ्या मागवल्या होत्या. फोटो म्हणजे नुसता धुरळा! ट्यूबलाइटची चकाकी, अक्षरं हललेली. मेथोट्रेक्झेट हे गोळीचं नाव तेवढं लागत होतं. किती वेळा घ्यायची, ते मधल्या घडीत गेलेलं.

मी म्हटलं, रोज एक असणार, देऊन टाकू.

"असणार म्हणजे? स्वतःच्या बापाला देशील असणार म्हणून?" ताईने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तिने वहिनींना सांगितलं, कॅमेऱ्याची काच पुसा, कागद उलगडून खिडकीपाशी टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश नको. आधी अख्खं पान, मग औषधाची ओळ जवळून. डॉक्टरांचा नंबर द्या. आणि घरात त्या गोळ्यांची पट्टी असेल तर तिचाही फोटो. वहिनी वैतागल्या, दुसरीकडून घेते म्हणाल्या. मला ताईचा असा राग आला म्हणून सांगू! ताई म्हणाली, खुशाल घ्या, पण आधी फोटो पाठवा.

फोटो आले. ओळ आता स्वच्छ होती: आठवड्यातून एकदा, सोमवारी. मी जीभ चावली. मग पट्टीचा फोटो उघडला. तीन गोळ्या संपलेल्या. सोमवार, मंगळवार, आज.

"ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतते," ताई म्हणाली. तिने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, गोळी बंद, पेशंटला लगेच घेऊन या, पट्टीही आणा. ताईने वहिनींना हे कळवलं आणि त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. पलीकडे वहिनींना हुंदका आवरेना. घडीतली ओळ घरात कुणी वाचलीच नव्हती, गोळी म्हणजे रोजचीच असं धरून चालले होते.

"रडायचं नंतर. आधी रिक्षा बघा," ताई म्हणाली. एरवी कुणालाही फाडून खाणारी बाई, पण त्यांना एक शब्द बोलली नाही.

काका पाच दिवस दवाखान्यात होते. बरे होऊन आले, देवाची कृपा. नंतर वहिनी दुकानात आल्या, पण मान वर करेनात. सगळी सोसायटी त्यांनाच बोलत होती, सासऱ्याच्या जिवावर उठली म्हणून. मी काउंटर सोडून त्यांच्यापाशी गेले.

"वहिनी," मी म्हटलं, "मलाही रोजच वाटलं होतं. मी तर महिन्याच्या देणार होते."