त्याच तोडीचं

गाडीच्या ब्रेकचा एक भाग मी ओतून द्यायचो. शिरोलीतली माझी फाउंड्री त्या एका ऑर्डरवर उभी होती. त्याला मँगनीज कमी असलेलं कच्चं लोखंडच लागतं. मँगनीज वाढलं की ओतीव भाग कडक होतो आणि दणका बसला की वाकायच्या ऐवजी तुटतो. लोखंड पुरवणाऱ्या एजंटाशी हे तोंडी ठरलेलं. चहा पिताना, हातावर हात मारून. आमच्याकडं तेवढं पुरायचं.

एकदा ट्रक आला तो चलनावर लोखंडाची दुसरीच प्रत, म्हणजे ग्रेड, घेऊन. नमुना लॅबला पाठवला, मँगनीज ठरल्यापेक्षा बरंच जास्त निघालं. मी माल उतरूच दिला नाही. एजंट तावातावानं आला.

"गड्या, लोखंडच हाय की! सोनं सांगितलंतंस व्हय?"

"काका, ठरलं ते हे न्हाय. ब्रेकला जातंय ते."

"समद्या शिरोलीत हेच वितळतंय. तुझ्याच भट्टीला काय शिंगं फुटल्यात?"

"मग काय ठरलंय ते लिहून द्या. सहीशिक्क्यानिशी. पुढचा ट्रक त्यावर घेतो."

त्याचा चेहराच पडला. "लिहून? आमच्या जत्रंला ताटं चाटून पुसून गेलास. तवा लिहून घेतलंतंस का, मटण बकऱ्याचंच हाय म्हणून?"

कामगार हसले. माझं डोकं फिरलं. "मटण खाल्लं की कळतंय, काका. लोखंड चावून बघता येत न्हाय!"

दोन दिवसांनी फॅक्स आला. प्रत बरोबर, मँगनीजची मर्यादा बरोबर, आणि वाक्याच्या शेवटी 'ऑर इक्विव्हॅलंट'. म्हणजे हे, नाहीतर त्याच तोडीचं. तोड कोण ठरवणार? तोच. मी ते शब्द खोडले आणि 'एवढं काढून पुन्हा पाठवा' असं लिहून कागद परत धाडला.

उत्तर आलं नाही. फोन केला की एजंटाचा माणूस सांगायचा, शेठ बाहेर गेलेत. दुसऱ्या एजंटांकडं तो माल माझ्या मुदतीत मिळणार नव्हता. भट्टी थंड राहिली, मुदत टळली. गिऱ्हाइकाच्या खरेदी साहेबाला मी लॅबचा रिपोर्ट दाखवला, फॅक्स दाखवला. तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो, पण आमची लाइन थांबलीय त्याचं काय?"

ऑर्डर माझ्या शेजारच्या फाउंड्रीवाल्याकडं गेली. मी परत पाठवलेला ट्रक त्याच्याच फाटकात रिकामा झाला होता, हे सगळ्या औद्योगिक वसाहतीला ठाऊक होतं. साहेबालाही मी सांगितलं होतं. तरी त्यानं ऑर्डर तिकडंच ठेवली.

शेजाऱ्याचा माल कधी परत आल्याचं ऐकलं नाही. कितीतरी दिवस मी कान लावून होतो. त्यातला एक तरी तुकडा मोडावा, असं मला वाटायचं. मोडला तर रस्त्यावर माणूस मरेल, हे माझ्याइतकं कुणाला कळत होतं? तरीही वाटायचं.